शब्दचर्चा: ‘इन्क्रिमेंटल रीइंडेक्सिंग’ला मराठीत काय लिहायचं?

धंतोलीची ग्रंथपाल

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. काउंटरवरच्या मंडळींसाठी मराठीत दोन पानांचं टिपण लिहायला घेतलंय आणि एका शब्दापाशी अडलंय. नवं पुस्तक नोंदवलं की ते शोधात लगेच दिसत नाही, पाचेक मिनिटांनी दिसतं. नोंद डेटाबेसात जाते, पण शोध चालतो झेब्रा नावाच्या वेगळ्या इंडेक्सवर, आणि क्रॉनमधलं एक काम ठरावीक वेळाने तिकडची नोंद ताजी करतं. या कामाला ‘वाढीव पुनर्निर्देशांकन’ लिहिलंय खरं, पण ते मोठ्याने वाचताना माझीच जीभ अडते. दुसरं काही सुचतंय का?

निवृत्त सांख्यिकी

‘पुनर्निर्देशांकन’ शब्द चुकीचा नाही. घाऊक किमतींच्या निर्देशांकाचं आधारवर्ष २०१७ मध्ये २००४-०५ वरून २०११-१२ वर आणलं, तेव्हा सगळी मालिका नव्याने जोडावी लागली होती. मात्र दर पाच मिनिटांनी आधारवर्ष कोण बदलतं, हे कळलं नाही.

धंतोलीची ग्रंथपाल

काका, तो निर्देशांक नव्हे हो. पण तुमचा हा प्रश्न पाहूनच ‘निर्देशांक’ खोडला. काउंटरवरही पहिल्यांदा सेन्सेक्सच आठवेल.

शंकरनगर चौक

‘वाढीव’ ठेवा. इन्क्रिमेंट म्हणजे वाढ, पगारवाढीसारखी. जुनं जसंच्या तसं राहतं, नवं तेवढं जोडलं जातं. ‘वाढीव सूचीकरण’. विषय संपला.

परसोडी आयटी

अर्धं बरोबर आहे. सगळं पुन्हा न करता थोडंच करायचं, एवढं ‘वाढीव’मधून कळतं. पण ते थोडं म्हणजे फक्त भर नसते. लेखकाचं नाव दुरुस्त केलं तर इंडेक्समधली जुनी नोंद काढून त्या जागी नवी बसवावी लागते. पुस्तक रद्द केलं तर इंडेक्समधूनही उडवावं लागतं, म्हणजे तिथे घटच होते. ज्याच्या डोक्यात ‘वाढीव’ बसलंय, तो नेमका खोडण्याचा भाग लिहायला विसरतो. असं करणारे लोक रोज पाहतो.

कोहाने हे नीट सांभाळलंय. नोंदीत काही बदल झाला की `zebraqueue` नावाच्या टेबलात एक ओळ पडते. नवी किंवा बदललेली नोंद असेल तर `operation` मध्ये `specialUpdate`, खोडलेली असेल तर `recordDelete`. क्रॉनचं काम येतं, `done` शून्य असलेल्या ओळी उचलतं, झेब्राला कळवतं आणि `done` एक करतं. शोध मागे पडलाय अशी शंका आली की एवढं विचारून पाहा:

```
SELECT operation, done, COUNT(*)
FROM zebraqueue GROUP BY operation, done;
```

`done` शून्यवाल्या ओळी दर खेपेला वाढतच चालल्या असतील तर काम बंद पडलंय. शून्यावर येऊन पुन्हा थोड्या जमत असतील तर सगळं ठीक.

इतवारीचा किराणा

भाऊ, माझंही असंच होऊन राहिलं. ठोक किराण्याचं दुकान आहे, ॲप एका ओळखीच्याकडून बनवून घेतलं. डेटाबेसातून काढून टाकलेला माल ॲपच्या शोधात अजून दिसते. आणि कधीकधी भाव बदलला तरी शोधात जुनाच भाव, मग तो दिवसभर बदलतच नाही. पोरगा म्हणते, दर पाच मिनिटांनी रीइंडेक्स मारतो, `updated_at` पाहून. मग बदलत काहून नाही?

परसोडी आयटी

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिलं सोपं. टेबलातली ओळच उडवली, तर तिचा `updated_at` वाचणार कुठून? काम विचारतं, ‘मागच्या वेळेनंतर काय बदललं?’ आणि नसलेली ओळ उत्तर देत नाही. म्हणून ओळ न उडवता तिच्यावर ‘बंद’ अशी खूण करायची, किंवा कोहासारखी खोडल्याची वेगळी नोंद ठेवायची.

दुसरं दुखणं लबाड आहे. समजा ११:०५:०० ला फेरी सुरू झाली. तुमच्या माणसाने तूरडाळीचा भाव बदलला, त्या ओळीवर वेळ पडली ११:०४:५७. पण डेटाबेसाच्या त्याच व्यवहारात आणखी चाळीस वस्तूंचे भाव होते, म्हणून सगळं मिळून पक्कं झालं ११:०५:०३ ला. पक्कं होईपर्यंत बदल दुसऱ्या कुणाला दिसत नाही, त्यामुळे फेरीला जुनाच भाव दिसला. फेरीने लिहून ठेवलं, ‘११:०५:०० पर्यंतचं झालं’. ११:१० ची फेरी आली, तिने ११:०५:०० नंतरचं मागितलं. तूरडाळीवर वेळ आहे ११:०४:५७ ची. म्हणजे ती आता कुठल्याच फेरीत येत नाही, पुन्हा कुणी तिला हात लावेपर्यंत. पोस्टग्रेस असेल तर हे जास्त होतं, कारण तिथे `now()` व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं.

इलाज असा, की प्रत्येक फेरीने थोडं मागे जाऊन वाचायचं. पोस्टग्रेसमध्ये असं:

```
WHERE updated_at >= :last_run - INTERVAL '10 minutes'
```

काही ओळी दोनतीनदा जातील, जाऊ द्या. मालाचा आयडी हाच इंडेक्समधला आयडी ठेवला तर जुन्यावर नवी बसते, दुप्पट होत नाही. मात्र एखादा व्यवहार दहा मिनिटांपेक्षा लांबला तर तो यातूनही निसटेल. म्हणून रात्री एकदा दोन्हीकडचे आयडी आणि बदलाच्या वेळा ताडून पाहायच्या. नुसती एकूण संख्या जुळवू नका. एक माल राहून गेला आणि एक खोडलेला तसाच उरला, तर बेरीज बरोबरच येते.

महालची खातेवही

हे वाचून एक शब्द आठवला. पेढीवर रोजकीर्दीत दिवसभराच्या नोंदी होत आणि संध्याकाळी त्या खातेवहीत उतरवत. त्याला खतावणी म्हणतात. नावे आणि जमा दोन्ही उतरतात, म्हणजे ‘वाढीव’ची अडचण नाही, आणि वेळही ठरलेली असते. ‘शोधाची खतावणी’ का म्हणू नये?

परसोडी आयटी

शब्द झकास. `zebraqueue` म्हणजे रोजकीर्दच. पण एका जागी अडतं. खातेवही कुणी जाळत नाही. इंडेक्स मात्र कधीही पुसून मूळ डेटाबेसावरून पुन्हा उभा करता येतो. कोहात `koha-rebuild-zebra` हे `-f` शिवाय चालवलं तर रांगेतल्या ओळीच घेतो, `-f` लावला तर आधीचं पुसून सगळं नव्याने. तेवढा वेळ शोध अपुरा दिसतो, म्हणून हे रात्री करायचं. ‘खतावणी’ म्हटलं तर हे पुसणं लोकांना पापच वाटेल. आमच्याकडे आम्ही ‘फरकाची फेरी’ आणि ‘पूर्ण फेरी’ म्हणतो.

शंकरनगर चौक

‘फरक’ म्हणजे पगाराची थकबाकीही होते हं.

धंतोलीची ग्रंथपाल

होऊ द्या, ती मिळाली की आनंदच होतो. टिपणात ‘फरकाची फेरी’ लिहिते, शेजारी ‘खोडलेलंही यातच जातं’ हे एक वाक्य. राहिला ‘इंडेक्स’. ‘सूची’ लिहिलं तर आमच्याकडे ग्रंथसूची समजतात, आणि ‘तालिका’ म्हणजे कॅटलॉग, तो तर डेटाबेसाच्या बाजूला. तूर्त ‘इंडेक्स’च ठेवते. कुणाला याहून बरा शब्द माहीत असेल तर सोमवारपर्यंत सांगा, मग छापायला देते.

इतवारीचा किराणा

पोराले दहा मिनिटांचं सांगितलं. तो म्हणते, खोडलेल्यावर खूण करायला प्रत्येक स्क्रीन बदलावी लागेल, त्याचे पैसे वेगळे. रात्री ताडून पाहिल्यानेच चालत असेल तर खूण कशाला करू?