अनुभव धागा: अपडेट ३० टक्क्यांवर अडकलं, तुम्ही किती वेळ थांबलात?

मांडवीकाठ
आईच्या लॅपटॉपवर आज विंडोज १० वरून ११ चढवायला घेतलं. २०१९ चा लॅपटॉप, आठव्या पिढीचा आय-थ्री, आत जुनी फिरणारी १ टीबी डिस्क. १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आज-उद्या चाललं होतं. साडेसहाला रीस्टार्ट झाला, ३० टक्क्यांवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. आता पावणेआठ वाजलेत. ठिपके गोल फिरतायत, आकडा ढिम्म. आई दर पाच मिनिटांनी म्हणते, "बंद करून परत चालू कर गो." तुमच्याकडे असं झालं तेव्हा किती थांबलात आणि बंद केलंत तर पुढे काय झालं, ते लिहा.

झुआरीपार
मी २० मिनिटांपेक्षा जास्त कधीच थांबत नाही. पॉवर बटण दाबून धरायचं, परत चालू करायचं, पुढे सरकतं. तीनदा केलंय, तिन्ही वेळा लॅपटॉप सुरू झाला.

फोंड्याचा स्क्रूड्रायव्हर
झुआरीपार, तुमचा लॅपटॉप सुरू झाला हे खरं, पण अपडेट झालं का? बऱ्याचदा विंडोज सगळं गुंडाळून जुन्या जागी परत येतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. चार दिवसांनी तेच अपडेट पुन्हा दारात उभं. Settings मध्ये Update history उघडून बघा, तिथे Failed लिहिलेलं सापडेल.

मांडवीकाठ बाय, तो आकडा वेळेचा नाही, टप्प्यांचा आहे. फोंड्याहून पणजीला बसने जाताना दहापैकी तीन थांबे झाले म्हणून तीस टक्के वेळ गेला असं नसतं, बाणस्तारीला गाड्या अडल्या की चौथा थांबा यायलाच तास लागतो. १० वरून ११ ला जाताना ३० च्या आसपास बहुधा मशीन एकदा रीस्टार्ट होतं आणि नवं विंडोज पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभं राहतं. तिथून ते एकेक उपकरण शोधून त्याचे ड्रायव्हर बसवतं. फिरणाऱ्या डिस्कवर हजारो बारीक फायली इकडून तिकडे वाचायच्या-लिहायच्या म्हणजे सुई नुसती नाचत असते. त्यात रॅम ४ जीबी असेल तर बघायलाच नको.

म्हणून आकड्याकडे बघू नका, डिस्कच्या लाईटकडे बघा. लॅपटॉपच्या पुढच्या किंवा डाव्या कडेला बारीक दिवा असतो, बाजूला गोल डब्याचं चित्र. तो अनियमित लुकलुकत असेल तर काम चालू आहे. लाईट नसेल तर रात्रीच्या शांततेत कान लावा, किरकिर ऐकू येते. फिरणाऱ्या ठिपक्यांवर मात्र विश्वास नको. आतलं काम अडकलं तरी ते फिरत राहिलेले मी पाहिलेत, आणि काम नीट चालू असताना मिनिटभर थबकलेलेही.

माझा हिशोब असा: एसएसडी आणि महिन्याचं साधं अपडेट असेल तर एकाच आकड्यावर तास पुरे. फिरणारी डिस्क आणि पूर्ण नवी आवृत्ती असेल तर सगळं मिळून तीन-चार तास धरून चालायचं, त्यात एकाच आकड्यावर दीड तास गेला तरी घाबरत नाही. आकडा दोन तास तोच, आणि त्यातला शेवटचा तासभर लाईटही पूर्ण मेलेला, तरच बटणाला हात लावतो.

तेरेखोल
माझं तर शून्यावरच अडकलंय, सकाळपासून. Downloading – 0%. मीपण थांबू का?

फोंड्याचा स्क्रूड्रायव्हर
ते वेगळं दुखणं. तुमचं अजून उतरतंय, बसवायला सुरुवातच नाही. बंद केलंत तरी काही बिघडत नाही. आधी नेट बघा. नेट ठीक असेल तर Command Prompt अॅडमिन म्हणून उघडून हे द्या:

```
net stop wuauserv
net stop bits
```

मग C:\Windows\SoftwareDistribution\Download या फोल्डरच्या आतलं सगळं पुसा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा तपासा.

माटोळी
आमच्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी ६२ टक्क्यांवर वीज गेली. डेस्कटॉप, यूपीएसने दहा-बारा मिनिटं तग धरली आणि धप्प. वीज आल्यावर चालू केला तर Undoing changes असं लिहून आलं. मला वाटलं आता सगळं पुसतंय, आरतीची पानं, माटोळीच्या सामानाची यादी, सगळं गेलं! पुन्हा बंद करणार होते, भावाने हात धरला. पाऊण तासाने जुनं विंडोज उघडलं, फायली जशाच्या तशा. पावसाच्या दिवसांत आता लॅपटॉपवरच आणि तेही चार्जर लावूनच अपडेट करते.

फोंड्याचा स्क्रूड्रायव्हर
भावाने वाचवलं तुम्हाला. खरा धोका तिथेच असतो. अपडेट अर्ध्यात तुटलं तर विंडोज परत फिरू शकतं, पण परत फिरताना तोडलं तर त्याला ना पुढचा रस्ता ना मागचा.

बटण दाबायची वेळ कशी ओळखली, त्याची एक केस सांगतो. डिचोलीहून एक सर लॅपटॉप घेऊन आले, असाच आठव्या पिढीचा, फिरणारी डिस्क. दुकानात लावला, ३० वर थांबला. पहिली पंचेचाळीस मिनिटं लाईट लुकलुकत होता, मग विझला तो विझलाच. आकडा येऊन अडीच तास झाले तेव्हा बटण दहा सेकंद दाबून धरलं. चालू केल्यावर आपोआप जुन्या विंडोजवर आला आणि पडद्यावर 0xC1900101 - 0x30018 असा आकडा दिला, सोबत FIRST_BOOT. म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उठलं आणि ड्रायव्हर बसवतानाच अडकलं. हा आकडा दिसला की माझा पहिला संशय बाहेरून लावलेल्या वस्तूंवर.

लॅपटॉपला स्वस्तातला वायफाय डोंगल होता, वर जुना प्रिंटर. दोन्ही काढले, डोंगलचं सॉफ्टवेअर Apps मधून उडवलं, Device Manager मध्ये त्याचा ड्रायव्हर पुसला आणि परत लावलं. पुन्हा ३० वर बसला! पण या खेपेला लाईट थांबला नाही. ५५ मिनिटांनी ३८ झालं, पुढे ७५ वर आणखी एक रीस्टार्ट. सगळं मिळून तीन तास दहा मिनिटं.

झुआरीपार
आमच्याकडे कॅप्स लॉक दाबून बघतात. त्याचा दिवा लागला तर मशीन जिवंत.

फोंड्याचा स्क्रूड्रायव्हर
लागला तर मशीन पूर्ण गोठलेलं नाही एवढंच कळतं, अपडेट पुढे सरकतंय असं नाही. लागला नाही तरी मी लगेच बटण दाबणार नाही.

खाजनातला
एक राहिलं. बटण दाबून बंद केल्यावर माझ्याकडे निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकरची किल्ली मागितली. बायकोच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण शोधेपर्यंत घाम फुटला. बटणाला हात लावण्याआधी फोनवरून खातं उघडून ती किल्ली कागदावर लिहून ठेवा.

मांडवीकाठ
नऊ वाजले. लाईट सापडला, आईच्या क्रोशाच्या रुमालाखाली झाकला होता. लुकलुकतोय, मध्येच चार-पाच सेकंद थांबतो, परत सुरू. प्रिंटर आणि बाहेरची डिस्क दोन्ही लावलेलेच आहेत. आता काढू का?

फोंड्याचा स्क्रूड्रायव्हर
प्रिंटरची वायर मी अशी मध्येच काढलीय, काही बिघडलं नाही. बाहेरची डिस्क राहू दे, तिला हात लावायची माझी हिंमत नाही.

झुआरीपार
मी तर दोन्ही काढली असती.

मांडवीकाठ
प्रिंटर काढला, डिस्क तशीच ठेवली. किल्ली लिहून घेतली.

दहा वाजून पाच मिनिटं. ४२ टक्के. आई झोपली.