प्रतिसाद: काकांना पाठवलेलं पत्र

> "घर सोडताना डाग कसे काढले ते मालकांना लिहून द्यायचं का? आणि काय लिहायचं?"

द्याच, आणि राहिलेला डाग त्यांना दिसायच्या आधी आपणच सांगा. मी काय लिहिलं होतं ते टाकतो:

"काका, नमस्कार. हॉलच्या भिंतीवर पोरीने खडूने रेघोट्या मारल्या होत्या, तिथे प्लास्टिक पेंट आहे म्हणून ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने पुसलं, निघालं. बेडरूममध्ये डिस्टेंपर आहे, तिथे पलंगाच्या मागे डोक्याच्या तेलाचा डाग आहे, कोपऱ्यात पुसून बघितलं तर फडक्यालाच रंग लागला, म्हणून पुढे हात लावला नाही. तेवढा पट्टा रंगवावा लागेल. किचनमध्ये सिलेंडरच्या बुडाचं गंजाचं गोल कडं उमटलं होतं, तिथे व्हिट्रिफाइड टाइल आहे म्हणून लिंबाचा रस आणि मीठ वीस मिनिटं ठेवून प्लास्टिकच्या ब्रशने घासलं, लगेच भरपूर पाण्याने धुतलं. टाइल स्वच्छ झाली, सांध्यात थोडा पिवळेपणा आहे. ॲसिड कुठेही वापरलेलं नाही. आधीचे-नंतरचे फोटो पाठवतोय."

ते लिंबू मार्बलवर किंवा शहाबादीवर अजिबात नको हां, दगडाची चमक जाते आणि मग पॉलिशवाल्याचा खर्च आपल्याच बोकांडी. आणि डिस्टेंपर ओला असताना नीट दिसत नाही, पूर्ण वाळल्यावरच फोटो काढा, मी घाईत ओलाच काढला होता, तर काकांना वाटलं ओल आलीये.

डिपॉझिटमधून त्या एका पट्ट्याच्या रंगाचेच पैसे कापले.