शिपाई मुका होतो, साहेब अडखळतो: 'रिजनरेशन'मधली पुरुषी भीती उपजत की घडवलेली?

कमानी हौद:
आमच्या साताऱ्यातल्या वाचनगटाने या महिन्यात पॅट बार्करची 'रिजनरेशन' (१९९१) घेतली होती. १९१७ साल, एडिंबराजवळचं क्रेगलॉकहार्ट रुग्णालय, लढाईत मन मोडलेले अधिकारी आणि त्यांना बरं करून परत आघाडीवर धाडणारे डॉ. रिव्हर्स. मी म्हटलं, यातलं पुरुषांचं गप्प राहणं, कर्तव्य, भीती हे सगळं घडवलेलं आहे, निसर्गाने दिलेलं नाही. गटातले दोन माजी सैनिक काका हसले. "भीती कुत्र्यालाही वाटते, त्यात घडवायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. पुस्तकातलीच एखादी पक्की जागा दाखवता येईल का?

अजिंक्यतारा पायथा:
काकांचं बरोबर आहे. लेखिका १९९१ ची. तिने आजची स्त्रीवादी मतं १९१७ च्या माणसांच्या तोंडी घातली. त्या काळी कुणी असा विचार करत नव्हतं. कादंबरी म्हणून छान, पुरावा म्हणून शून्य.

जुनी वही:
"त्या काळी कुणी असा विचार करत नव्हतं" हे तेवढं मागे घ्या. रिव्हर्स खरा माणूस. आपल्या निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून अभ्यास केलेला मानवशास्त्रज्ञही तोच. डिसेंबर १९१७ मध्ये त्याने लंडनच्या डॉक्टरांपुढे निबंध वाचला. त्यात त्याने सांगितलं की लढाईच्या आठवणी मनातून हाकला, हा सल्लाच पुष्कळांना आजारी पाडतो. पुरुषाने मन आवरावं या शिकवणीवरच त्याने बोट ठेवलं होतं. लेखिकेने त्याला कादंबरीत आणखी पुढे नेलंय हे मात्र खरं, तुमचं निम्मं म्हणणं मान्य.

आता कमानी हौद यांना हवी ती जागा. बिली प्रायर आठवा. तो रुग्णालयात येतो तेव्हा त्याची वाचा गेलेली असते, वहीत लिहून बोलतो. वाचा आल्यावर तो रिव्हर्सला छेडतो, तेव्हा रिव्हर्स सांगतो की मुकेपण बहुतेक साध्या शिपायांना येतं, अधिकाऱ्यांना सहसा नाही. अधिकारी अडखळत बोलू लागतात. कारण असं: माणसाला बोलायचं असतं, पण बोललो तर अनर्थ होईल हेही ठाऊक असतं. मग शरीरच तोडगा काढतं, जीभ बंद करतं. आणि बोलण्याची शिक्षा शिपायाला नेहमीच साहेबापेक्षा जबर.

यावर जरा थांबा. तोफगोळा दोघांवर सारखाच पडतो, धडकी दोघांना सारखीच भरते. तरी ती बाहेर पडताना हुद्दा बघून रूप घेते. निव्वळ निसर्गाचं काम असतं तर जिभेला खांद्यावरच्या फित्या कशा कळल्या असत्या? प्रायर हुद्द्याने अधिकारी, घरचा मात्र कामगार वस्तीतला. म्हणून आजार शिपायाचा आणि गणवेश साहेबाचा अशी त्याची गत होते. रिव्हर्स स्वतः बोलताना अडखळतो, हे प्रायर त्याला तोंडावर ऐकवतो. पन्नास वर्षं काय बोलायचं टाळत आलात, अशा अर्थाचा तो टोमणा आहे. माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत धारदार संभाषण तेच.

सुभेदार (निवृत्त):
मी तुमच्याइतकं वाचलेलं नाही, पण अठ्ठावीस वर्षं वर्दीत काढलीत. भीतीने पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं, हे कुणी शिकवत नाही. शिकवतात ते इतकंच की हात थरथरला तरी मॅगझिन लागली पाहिजे. आणि गप्प राहणं म्हणाल तर एक जण ओरडला की बाकी दहा जण हलतात. तिथं गप्प राहणं हा डाव आहे, दिखावा नाही. तुम्ही त्याला 'घडवलेलं' म्हणता तेव्हा खोटं असल्यासारखं वाटतं, तिथं माझी तक्रार आहे.

जुनी वही:
तक्रार रास्त आहे. घडवलेलं म्हणजे खोटं नव्हे. कुस्तीगिराचे कान घडवलेलेच असतात, पण दुखतात खरे.

प्रतीक्षाची आई:
माझा मुलगा भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटरला चांगला पळतो, पण ग्राउंडच्या आदल्या रात्री त्याला झोप नाही, उलट्या होतात. मनाची भीती जाण्यासाठी हे पुस्तक त्याला द्यावं का? मराठीत सोपं काही असेल तर सांगा. त्याचे वडील म्हणतात, वाघाच्या पोटी असा कसा जन्मला.

अजिंक्यतारा पायथा:
ताई, हे पुस्तक त्यासाठी नाही. प्रशिक्षकांशी बोला. आधी ते वाघाचं वाक्य बंद करा.

कृष्णाकाठ:
मी सांगलीची. माझे आजोबा १९७१ च्या लढाईत होते. त्यांनी घरात कधी एक शब्द सांगितला नाही. दिवाळीत वाड्यात सुतळी बॉम्ब लावायचे नाहीत असा नियम होता, आणि कारण काय, तर "अण्णांना आवाज आवडत नाही." आवडत नाही! जसं एखाद्याला कारलं आवडत नाही. 'भीती वाटते' हा शब्द त्या घरात अण्णांसाठी कुणी उच्चारला नाही. हा नियम अण्णांनी केलाच नव्हता, आजीने केला होता. पोरं फटाके घेऊन आली की ती दारातच अडवायची. म्हणजे त्यांच्या गप्प राहण्याची राखण एक बाई करत होती. पुरुषाचं मौन एकट्या पुरुषाने घडत नाही, एवढंच मला म्हणायचंय. आणि मी नातू असते तर त्यांनी मला सांगितलं असतं का, हे मला आजही टोचतं.

सुभेदार (निवृत्त):
नातवालाही सांगितलं नसतं. माझा अनुभव.

जुनी वही:
कृष्णाकाठ यांचं वाचून कादंबरीतली फुग्यांची गोष्ट सांगावीशी वाटली. आघाडीवर दोरीने बांधलेला मोठा फुगा वर सोडायचे आणि त्याच्या पाळण्यात बसून निरीक्षक शत्रूच्या तोफा टिपायचा. रिव्हर्सच्या लक्षात येतं की विमान चालवणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त मोडतात. धोका वैमानिकालाही आहे, पण त्याच्या हातात काहीतरी असतं. फुग्यातला माणूस नुसता लटकतो आणि वाट बघतो. खंदकातला शिपाईही तसाच, आठवडेच्या आठवडे बिळात बसून आपल्यावर गोळा पडतो का हे ऐकत राहणारा. रिव्हर्स यातून असा निष्कर्ष काढतो की हीच लक्षणं शांततेच्या काळात घरात कोंडलेल्या बायकांमध्ये दिसत होती, आणि डॉक्टर ती बाईच्या जातीचा दोष समजत होते. लढाईने मर्दानी पराक्रमाचं आमिष दाखवलं आणि हातात दिलं बाईचं कोंडलेपण. पुरुष त्या जागी बसवला, तर तोही तसाच आजारी पडला.

आपल्या भाषेतही बघा. घाबरलेल्या पुरुषाला आपण काय म्हणतो? "हातात बांगड्या भरल्यात का?" नुसतं "भ्यालास" म्हणून आपलं समाधान होत नाही, बाईला मध्ये आणावंच लागतं.

सुभेदार (निवृत्त):
बांगड्यांचं खरं आहे, मीही रिक्रूटांना तेच ऐकवलंय. पण साहेब, तुमचा फुगा माझ्याच बाजूने उडतोय. बाई असो, पुरुष असो, हातपाय बांधून धोक्यात बसवलं की मोडतोच, असं तुम्हीच म्हणालात. मग भीती निसर्गाचीच झाली की!

जुनी वही:
इथे तुम्ही मला धरलंत. होय, भीती निसर्गाची. घडवलेली आहे ती तिच्यावर चढवलेली लाज. प्रायरचंच बघा. संमोहनात त्याला आठवतं की गोळा पडून त्याची दोन माणसं उडाली, फावड्याने अवशेष गोळा करताना त्याच्या हाती एक डोळा आला आणि त्यानंतर वाचा गेली. शुद्धीवर येऊन तो म्हणतो, इतकंच? त्याला वाटत होतं, आपल्या हातून काहीतरी भयंकर चूक झाली असणार. चूक नव्हतीच, त्याने तर शेवटपर्यंत काम केलं होतं. पण आपण मोडलो म्हणजे आपण दोषी, हा हिशेब त्याच्या आत आधीच मांडून ठेवलेला होता.

अजिंक्यतारा पायथा:
मग रिव्हर्स देवमाणूस ठरतो. रडू देतो, बोलू देतो.

जुनी वही:
तसं नाही, आणि लेखिकेने ती पळवाट ठेवलेली नाही. शेवटाकडे तो लंडनला डॉ. येलंडचा उपचार बघायला जातो. कॅलन नावाच्या मुक्या शिपायाला खोलीत कोंडून, घशाला विजेचे झटके देत, तासन् तास बोलतं केलं जातं. वाचा येते. पुढे तो हसतो तर ते हसू डॉक्टरला रुचत नाही, म्हणून तोंडाच्या कडांनाही वीज लावली जाते. सरतेशेवटी शिपायाला धन्यवाद म्हणावे लागतात. आवाज परत मिळाला, पण बोलायचं काय हे डॉक्टरने ठरवलं. त्या रात्री रिव्हर्सला स्वप्न पडतं, त्यात तो दुसऱ्याच्या तोंडात लगाम कोंबतोय. जागा झाल्यावर त्याला उमगतं की गोड बोलून आपणही तेच करतो. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढणारा कवी ससून त्याच्याच उपचारानंतर पुन्हा आघाडीवर जायला निघतो.

सुभेदार (निवृत्त):
ससून लगामामुळे गेला असं नाही वाटत मला. त्याची पोरं तिकडं मरत होती आणि हा इकडं गोल्फ खेळत होता. मीही गेलो असतो. याला तुम्ही घडवलेलं म्हणा, मी माया म्हणतो.

कृष्णाकाठ:
माया आणि कर्तव्य एकच होऊन बसणं, हेच तर सगळ्यात बेमालूम घडवलेलं नाही का? ती माया पोरांना घरी आणा असं का म्हणत नाही, त्यांच्याबरोबर मरायला जा असंच का म्हणते?

सुभेदार (निवृत्त):
पोरांना घरी आणणं लेफ्टनंटच्या हातात नसतं, बाई. बरोबर जाणं असतं.

जुनी वही:
सुभेदार, आपल्या भागापुरतं एक जोडतो. १८८५ ते १८९३ भारताचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांचं मत होतं की दीर्घ शांततेने मद्रास-मुंबईकडचे शिपाई मऊ पडलेत, खरे लढवय्ये उत्तरेत. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा मराठे पुन्हा हवेसे झाले. मराठा पलटणी १९१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. आपल्या आपशिंग्यातनं किती जण गेले ते गावाला माहीत आहे. पंचवीस-तीस वर्षांत रक्त बदलत नाही. बदलली ती भरतीची गरज.

सुभेदार (निवृत्त):
हे मला नवीन आहे. मराठे मऊ? कुठं लिहिलंय ते दाखवा, मग बोलू.

कमानी हौद:
फुगा आणि मुकेपण दोन्ही रविवारी गटात मांडते. पण लेफ्टनंटच्या हातात काय असतं, यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. सुभेदार, तुम्ही साताऱ्यातच असाल तर याल का? काकांच्या बाजूने बसा, चालेल.

सुभेदार (निवृत्त):
येतो. फुग्याचं ते पान झेरॉक्स करून ठेवा, अक्षर मोठं करा. इंग्रजी मला हळू वाचावं लागतं.