ऑफर लेटरमधली बदलीची अट: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

संजय (बी-४०२): नमस्कार मंडळी. केतकीला औषध कंपनीत क्वालिटीला नोकरी लागली, पोस्टिंग पुणे. पण ऑफर लेटरमध्ये अट आहे: 'भारतातील कोणत्याही विद्यमान वा भविष्यात सुरू होणाऱ्या ठिकाणी बदली होऊ शकेल.' सही करावी का? शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

मनीषा (ए-१०३): अभिनंदन! ही अट सगळेच लिहितात हो. माझ्याही लेटरमध्ये होती, कधी कोणी हलवलं नाही.

देशपांडे काका (सी-२०१): मनीषाताई, लिहितात सगळे, वापरतात काहीजणच. पण वापरली तर हातात फारसं काही राहत नाही. १९६० चा सुप्रीम कोर्टाचा कुंदन शुगर मिल्सचा निकाल आहे. अमरोह्याच्या कामगारांना मालकांनी बुलंदशहरला नव्याने काढलेल्या कारखान्यात पाठवलं. ते गेले नाहीत म्हणून कामावरून काढलं. नेमणुकीच्या वेळी तशी अट नव्हती, म्हणून कोर्टाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. संजय, तुझ्या लेटरमधल्या 'भविष्यात' या शब्दाने नेमकी तीच वाट बंद होते. मग बदली आकसाने केली हे आपण सिद्ध करायचं, आणि ते महाकठीण.

संजय: मग ही कंपनी खरंच हलवते का, हे कळणार कसं?

देशपांडे काका: प्लांट कुठे कुठे आहेत ते आधी बघ.

संजय: पुण्याला ऑफिस आणि लॅब. प्लांट बद्दी आणि सिक्कीमला.

देशपांडे काका: मग क्वालिटीच्या माणसाला प्लांटवर पाठवण्याचं कारण कायमच आहे. लिंक्डइनवर याच पदावरची माणसं शोधा. कंपनी तीच आणि शहर बदललंय, असे किती? सोडून गेलेलेही बघा, कारण ज्यांना बदली नको होती ते आता कंपनीत नसतीलच. बद्दीला जाऊन चार-सहा महिन्यांत राजीनामा, असं दोन-तीन जणांचं दिसलं तर समजून जा.

मनीषा: आणि एचआरला सरळ विचारा, या जागेवरची आधीची व्यक्ती आता कुठे आहे?

देशपांडे काका: बरोबर. शिवाय रिलोकेशन पॉलिसी लेखी मागा. सामान हलवायचा खर्च, सुरुवातीचे दिवस राहायची सोय, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ते पैसे परत द्यायचे का. वरचेवर माणसं हलवणाऱ्या व्यवस्थित कंपनीकडे हे तयार असतं. बदल्या होतात पण पॉलिसी नाही, असं असेल तर खर्च आपल्याच खिशातून.

संजय: केतकीने आत्ताच विचारलं. आधीचा मुलगा सिक्कीमला आहे. पण मॅनेजर म्हणतात, दोन वर्षं पुणेच, तसा ईमेल करतो.

देशपांडे काका: लेटरच्या शेवटी बघ, 'या पत्राबाहेरचे कोणतेही आश्वासन ग्राह्य नाही' असं काही आहे का?

संजय: आहे. शेवटच्या पानावर.

देशपांडे काका: मग त्या ईमेलवर विसंबू नका. दोन वर्षांची गोष्ट लेटरमध्येच घालून, नाहीतर एचआरच्या सहीचं पुरवणी पत्र मागून घ्या. शुक्रवारची मुदत सोमवारपर्यंत वाढवून मागायलाही हरकत नाही, बहुतेक देतात.