मदत हवी आहे: एकाच धूनेच्या तीन वेगळ्या पट्ट्या येतायत, फिल्टरमध्ये काय भरू?

मृण्मयी_स
एक वाद्यसंगीताचा तुकडा शोधतेय. गाणं नाही, शब्द नाहीत, त्यामुळे ओळी टाकून शोधता येत नाही. लायब्ररी म्युझिकच्या एका साइटवर पट्टी आणि बीपीएम टाकून यादी लहान करता येते, म्हणून क्लिप तीन ॲपमध्ये टाकली. एक म्हणतं `F# minor`, १७४. दुसरं `G minor`, ८७. तिसरं `A major`, ८७. तिन्ही टाकून पाहिलं, प्रत्येक वेळी हजारांनी निकाल येतात आणि आमची धून काही दिसत नाही. यातलं बरोबर कोणतं, एवढंच सांगा. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे.

अभय_डोंबिवली
शझाम लावून बघा की. दहा सेकंदांत काम होईल.

मृण्मयी_स
ते सगळ्यात आधी केलं. काही सापडत नाही.

रियाज_रोजचा
ताई, ॲपच्या नादी लागू नका. हार्मोनियम किंवा तानपुरा घ्या आणि धून शेवटी कुठे टेकते ते ऐका. तो तुमचा सा, आणि तीच पट्टी. मेजर-मायनर वगैरे नंतर बघा. F# म्हणजे काळी तीन आणि A म्हणजे पांढरी सहा. दोन्हीकडे सूर तेच लागतात, म्हणून यंत्राचा गोंधळ होतो. G मात्र यात बसत नाही, ते ॲप सरळ काढून टाका.

नंदू_पेण
माझाही असाच प्रश्न आहे. बायकोला एका जुन्या भावगीताचा कराओके ट्रॅक हवाय, पण मिळतो तो पांढरी पाचचा आणि ती गाते काळी एकमध्ये. पट्टी बदलली की वाद्यं कार्टूनसारखी वाजतात. काय करावं?

ध्वनिलेखक
नंदूकाका, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. इथे विषय दुसरा आहे.

मृण्मयी, क्लिप आली कुठून? फोनवर रेकॉर्ड केली, यूट्यूबवरून घेतली, की कॅसेटवरून? हे कळल्याशिवाय तिन्हीपैकी एकही आकडा खरा मानू नका. दोन ॲप अर्ध्या सुराने वेगळं सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा मूळ सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलेला असतो.

मृण्मयी_स
कॅसेटवरून. शाळेच्या स्नेहसंमेलनात आमचा नाच याच धूनेवर बसवला होता, ९३ की ९४ साली. बाईंकडे कॅसेट होती, तिची कॉपी माझ्याकडे आहे. भावाच्या जुन्या डेकवरून लॅपटॉपमध्ये घेतली. ज्यांनी तेव्हा ती भरून दिली ते काका म्हणाले होते की ही परदेशी लायब्ररी म्युझिकच्या रेकॉर्डवरची आहे. म्हणून त्या साइटवर शोधतेय. पण पट्टीचा आणि कॅसेटचा काय संबंध?

ध्वनिलेखक
सगळा संबंध तिथेच आहे. डेक थोडा जलद फिरला तर सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात वर जातात. साधारण सहा टक्क्यांनी पूर्ण अर्धा सूर चढतो. तुमच्याकडे तीन टक्क्यांच्या आसपास फरक असणार, म्हणजे सूर बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये. मग एक ॲप खाली ओढतं, दुसरं वर. शझाम चुकतो तोही यामुळेच, वेग एवढा हलला की त्याला ओळख पटवणं अवघड जातं.

Audacity मध्ये क्लिप उघडा. धूनेत जिथे एक सूर लांब धरलाय तेवढाच भाग निवडा आणि `Analyze > Plot Spectrum` मध्ये `Size` ६५५३६ ठेवा. ठळक टोकावर कर्सर नेला की खाली `Peak` चा आकडा दिसतो, तो इथे लिहा. शिवाय संगीत सुरू व्हायच्या आधी नुसती सरसर ऐकू येते का? असेल तर त्या भागाचंही तसंच करा आणि १५० च्या आसपास काय दिसतं ते सांगा.

तबला_ठाणे
लय १७४ नाही आणि ८७ पण नाही, हे सगळे अंदाज आहेत. मी तीस वर्षं साथ करतोय. ठेका हाताने मोजा, ॲपवर विसंबू नका. आणि १७४ वाला आकडा दुप्पट असू शकतो तसा ८७ वाला निमपटही असू शकतो, हे कोणी बोलत नाही.

ध्वनिलेखक
तबलजी, हे अगदी बरोबर, आणि मोजायचंय ते हातानेच. मृण्मयी, ज्या ठोक्यावर पाय सहज पडतो तो धरा. एका ठोक्याला शून्य म्हणा आणि चौसष्टाव्या ठोक्यापर्यंत किती सेकंद गेले ते लॅपटॉपवरच्या लाटेत बघून लिहा. चार-आठ ठोके मोजून चालणार नाही, तेवढ्यात अर्ध्या दशांशाची चूकसुद्धा आकडा हलवते.

मृण्मयी_स
केलं. लांब सुराचं टोक ४५२. चौसष्ट ठोक्यांना ४४ सेकंद. सुरुवातीला तीन-चार सेकंद नुसता आवाज आहे, त्यात १५० ला एक टोक आणि १५४ ला दुसरं, शेजारीशेजारी. आता कळेल का उत्तर?

रियाज_रोजचा
४५२ म्हणजे पांढरी सहाच थोडी चढी लागलीय. मी म्हटलं तेच आलं.

ध्वनिलेखक
रियाजभाऊ, अजून ठरलेलं नाही. A चा ठरलेला सूर ४४० आणि त्याच्या वरच्या काळीचा ४६६. ४५२ बरोबर मध्ये आहे. म्हणजे एकतर मूळ A होता आणि टेप पावणेतीन टक्के जलद फिरतेय, नाहीतर मूळ वरची काळी होती आणि टेप तीन टक्के संथ फिरतेय. दुसरं खरं असेल तर पट्टी `G minor` निघते, म्हणून ते ॲप आताच बाद करता येत नाही.

लय ८७.३ येते. पहिलं खरं असेल तर मूळ लय ८५. दुसरं खरं असेल तर ९०. दोन्ही आकडे गोल आहेत, त्यामुळे लयीवरून निकाल लागत नाही.

निकाल देतात ती १५० जवळची दोन टोकं. विजेची गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झची आणि तिची तिप्पट १५०. बरोबर १५० ला आहे ती आत्ता तुमच्या घरातली, लॅपटॉपमध्ये घेताना मिसळलेली. १५४ ला आहे ती पूर्वी कॅसेट भरताना टेपवरच उमटलेली, आणि टेपचा वेग बदलला तशी तीही सरकलीय. टेप पावणेतीन टक्के जलद मानली तर तेव्हाची वीज ५० च्या अगदी जवळ येते. टेप संथ मानली तर ती ५३ हर्ट्झ यायला हवी, आणि घरच्या विजेची वारंवारता तिथपर्यंत जात नाही. म्हणजे टेप जलदच आहे. मूळ पट्टी `F# minor` किंवा `A major`, आणि लय ८५.

केदार_इलेक्ट्रिकल
विजेचा आधार मला तितका पक्का वाटत नाही. नव्वदच्या दशकात ग्रिडची वारंवारता खूप हलायची. मागणी वाढली की ४९ च्या खाली घसरायची. ५० धरून टक्के काढणं धोक्याचं आहे.

ध्वनिलेखक
तुमची हरकत योग्य आहे. म्हणून टक्के मी सुरावरून काढले, विजेवरून नाही. वीज फक्त दोन शक्यतांतली एक निवडायला वापरली. ती ४९ असो की ५०, ५३ नव्हती एवढं पुरतं.

केदार_इलेक्ट्रिकल
पण ही कॉपीची कॉपी आहे. बाईंच्या कॅसेटवर जी चूक आधीच होती ती या गुणगुणीत दिसणारच नाही. ती फक्त शेवटच्या कॉपीनंतरचा फरक सांगते.

ध्वनिलेखक
हेही खरं. आधीच्या टप्प्यात मोठी चूक असती तर सुरावरून आलेला आकडा आणि गुणगुणीवरून आलेला आकडा जुळले नसते. इथे दोन्ही पावणेतीनच्या आसपास आहेत. तरी डेक एकदा वेगळा तपासलेला बरा. मृण्मयी, घरात कंपनीची विकत घेतलेली एखादी कॅसेट आहे का, जिच्यातलं गाणं आज ऑनलाइनही मिळतं? ती याच डेकवर लावा आणि एका गाण्याची लांबी दोन्हीकडे मोजा. कंपनीच्या कॅसेटचा वेगही तंतोतंत असतो असं नाही, पण अंदाज येईल.

शेखर_नागपूर
डेक जलद असेल तर मोटारच्या मागे एक छोटं भोक असतं, त्यात बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता येतो. प्लास्टिकचा ड्रायव्हर वापरा. रबरी बेल्टही बदलून घ्या, आता पातळ झाला असेल.

ध्वनिलेखक
शेखर, आत्ता स्क्रूला हात नको. वेग मध्येच बदलला तर वरची सगळी मोजणी परत करावी लागेल.

मृण्मयी_स
मोजलं. ऑनलाइन गाणं ४ मिनिटं ५० सेकंदांचं आहे. डेकवर ४:४२ ला संपतं.

ध्वनिलेखक
म्हणजे पावणेतीन-तीन टक्के जलद. डेकचाच दोष आहे.

आता Audacity मध्ये क्लिपवर `Change Speed and Pitch` लावून गुणक ०.९७३ द्या. ही फाइल शझामला पुन्हा ऐकवा, या वेळी शक्यता जास्त आहे. फक्त सूर बदलणारा किंवा फक्त लय बदलणारा इफेक्ट घेऊ नका, टेपवर दोन्ही एकत्र हललेत.

साइटवर आधी पट्टी टाकूच नका. बीपीएम ८४ ते ८६ ठेवा, मग वेगळ्याने १६८ ते १७२. अशा साइटवरचे आकडे बरेचदा यंत्रानेच काढलेले असतात, त्यामुळे तुमच्या ॲपने केला तसा दुपटीचा घोळ तिथेही असतो. त्यानंतर धूनेची लांबी टाका. ती पट्टीपेक्षा जास्त कामाची, कारण तिच्यात मेजर-मायनरसारखा वाद नसतो. किती आहे?

मृण्मयी_स
डेकवर २:३१.

ध्वनिलेखक
मग मूळ साधारण २:३५. दोन्हीकडे पाच सेकंद सोडा.

रियाज_रोजचा
पट्टी टाकायची वेळ आली तर `F# minor` टाका, `A major` नको. धून काळी तीनवर टेकते का हे मृण्मयीताईंनी अजून सांगितलंच नाही. टेकत असेल तर A चा प्रश्नच मिटतो.

मृण्मयी_स
हो, शेवटचा सूर आणि मधला थांबा, दोन्ही काळी तीनवर. हार्मोनियमवर वाजवून पाहिलं, आता दुरुस्त केलेल्या क्लिपशी अगदी मिळतं.

ध्वनिलेखक
रियाजभाऊंचं ऐकणं बरोबर आहे, संगीताच्या दृष्टीने ही धून F# मायनरच. पण त्या साइटवर लेबल लावणाऱ्या यंत्राने ती A मेजरमध्ये टाकली असेल तर `F# minor` चं फिल्टर नेमकी तीच धून लपवेल. दोन्ही पट्ट्या एकेक करून बघा, बाकीच्या सोडा.

रियाज_रोजचा
लेबल चुकीचं असेल तर ते साइटवाल्यांनी सुधारावं. आपण चुकीच्या पट्टीत का शोधायचं?

तबला_ठाणे
ध्वनिलेखक, एक विचारतो. ८५ गोल येतो म्हणून तुम्ही समाधानी आहात. पण ही धून माणसांनी वाजवलेली असेल तर लय ८४.६ ही असू शकते, आणि वाजवताना हलूही शकते.

ध्वनिलेखक
असू शकते. म्हणूनच ८४ ते ८६. मृण्मयी, सुरुवातीचे चौसष्ट ठोके आणि शेवटचे चौसष्ट ठोके वेगवेगळे मोजाल का? दोन्हीकडे सारखे सेकंद आले तर मागे बहुतेक ड्रम मशीन आहे, आणि मग ८५ वर बऱ्यापैकी थांबता येईल.

मृण्मयी_स
शेवटचे चौसष्ट पण ४४ सेकंदच. शझाम दुरुस्त क्लिपवरही गप्पच आहे. पण ८४ ते ८६ आणि २:३० ते २:४० टाकल्यावर हजारांची यादी चार पानांवर आलीय. पहिलं पान ऐकून झालं, त्यात नाही. एकच अडचण, कॅसेटवर शेवट हळूहळू विरत जातो. तो मूळचाच आहे की भरणाऱ्या काकांनी आवाज कमी केला? तसं असेल तर २:३५ वर विश्वास ठेवू का?

ध्वनिलेखक
तसं असेल तर मूळ धून लांब असणार. ही चार पानं संपवा. नाही सापडली तर वरची मर्यादा चार मिनिटांपर्यंत न्या आणि खालची २:३० तशीच ठेवा. विरताना मागची गुणगुणही बरोबर कमी होते का ते कान देऊन ऐका. १५४ ची गुणगुण सुरांबरोबर विरत असेल तर आवाज काकांच्या नंतर, तुमच्या कॉपीच्या वेळी कमी केलाय. गुणगुण तशीच राहून फक्त सूर विरत असतील तर ते त्याआधीच झालंय, मूळ रेकॉर्डवर किंवा काकांच्या हातून, आणि या दोन्हींतलं कोणतं ते टेपवरून कळणार नाही.

नंदू_पेण
माझा वेगळा धागा काढलाय, कोणी तरी या.