याकोबियन काढण्याआधी चित्र कसं काढायचं?

> "नलक्लाइन काढल्या, पण पुढे बाण कसे ठरवायचे?"

दोन स्पर्धक प्रजाती घ्या: `x' = x(4−x−2y)`, `y' = y(3−x−y)`. नलक्लाइन म्हणजे `x'` किंवा `y'` शून्य होतो ती रेषा: `x+2y=4` वर `x'=0`, म्हणून ती ओलांडताना बाण उभे; `x+y=3` वर `y'=0`, म्हणून ती ओलांडताना आडवे. दोन्ही रेषा (2,1) ला छेदतात. त्यांच्यामधल्या उजव्या त्रिकोणात `x'>0`, `y'<0`. कडांवरचे बाणही आतच वळतात, म्हणून तिथे शिरलेला मार्ग (4,0) लाच पोचतो. डाव्या त्रिकोणातून तसाच (0,3) ला. म्हणजे (2,1) हा सॅडल, हे रेखीकरणाशिवायच कळलं!

(0,2) मात्र समतोलबिंदू समजू नका. तिथे छेदणाऱ्या `x=0` आणि `x+2y=4` या दोन्ही रेषा `x'=0` च्याच आहेत. `y'` तिथे 2 येतो. बाण छेदबिंदूभोवती फिरताना दिसले, तर मात्र सर्पिल आत जातं की बाहेर, हे नलक्लाइन सांगत नाहीत. तिथे याकोबियन लागतोच.