पत्र छान, तरी सहापैकी साडेतीन?

दहावीची आई: मुलाच्या सराव परीक्षेत मराठीच्या औपचारिक पत्राला ६ पैकी साडेतीन गुण. विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपवाटिकेकडे वृक्षारोपणासाठी रोपे मागायची होती. मजकूर मी दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. समासात लाल शाईने एकच शब्द, 'प्रारूप'. पत्ता या बाजूला की त्या बाजूला, यासाठी अडीच गुण कापायचे?

जुनी वही: अन्यायच आहे. आम्ही कायम वर उजवीकडे आपला पत्ता, त्याखाली तारीख, शेवटी चौकटीत पाकीट काढून तिकीटसुद्धा, असंच लिहिलं आणि पैकीच्या पैकी मिळवले. मुलाने तसंच लिहिलं असेल तर चूक शिक्षकांची.

फळा-खडू: तुमच्या वेळी ते बरोबरच होतं. २०१८ साली दहावीचं कुमारभारती बदललं, तेव्हापासून पत्र ई-मेलच्या वळणाने लिहायचं. सगळं डाव्या समासाला लागून. वर दिनांक, मग प्रति, पद आणि पत्ता, मग विषय, महोदय, मजकूर. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, ई-मेल शेवटी. पाकीट नाही. घरी आई-बाबा जुनं शिकवतात आणि मुलं दोन्हींची खिचडी करतात, हे दर वर्षी बघते. ताई, त्याने नेमकं काय लिहिलंय ते टाकाल का?

दहावीची आई: वर उजवीकडे पत्ता आहे, बरोबर ओळखलंत. मग 'प्रति, व्यवस्थापक'. विषय लिहिलेला नाही. 'सा. न. वि. वि.' ने सुरुवात. पहिले दोन परिच्छेद झाडांचं महत्त्व आणि शाळेमागचं उजाड मैदान, फार छान उतरलंय. तिसऱ्यात 'तरी आपण आम्हांस रोपे द्यावीत ही विनंती'. खाली स्वतःचं खरं नाव आणि शाळेचं नाव.

आजीचा नातू: आमच्या मुलीने आजीला पत्र लिहिताना 'तीर्थरूप आजी' लिहिलं तर तेही कापलं हो! आता 'प्रिय आजी' चालतं म्हणे.

फळा-खडू: ते घरगुती पत्र, त्यावर वेगळं बोलू. इथे मला तीन गोष्टी दिसतात. पत्त्याची बाजू ही सर्वांत छोटी. खरं नाव ही मोठी, कारण बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत ओळख उघड होता कामा नये. प्रश्नात दिलेलं नाव किंवा अ. ब. क. लिहायचं आणि त्याखाली 'विद्यार्थी प्रतिनिधी'. ते पद नसेल तर कुठल्या अधिकाराने रोपं मागतोय तेच कळत नाही. आणि तिसरी गोष्ट विषय. शिवाय रागावू नका, पण मजकूर चांगला आहे असं मी म्हणणार नाही. निबंध चांगला आहे. किती रोपं, कोणती, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे देणार की मोफत मागताय? मागणीपत्रात मागणीच एका ओळीची आहे.

आवक-जावक: मी सरकारी कार्यालयात टपाल बघतो. दिवसाला ढीग येतो. आवक नोंदवहीत लिहायला मला तीनच गोष्टी लागतात: कोणाचं, कधीचं, कशाबद्दल. 'विषय' कोरा असला की अख्खं पत्र वाचून ठरवावं लागतं, वृक्षारोपणाच्या टेबलाला द्यायचं की शिक्षणाच्या. घाईत ते चुकतं आणि पत्र आठ दिवस फिरत राहतं. त्याने फक्त 'विषय : वृक्षारोपणासाठी ५० रोपे मिळण्याबाबत' एवढी ओळ लिहिली असती, तर संख्या आपोआप सुचली असती.

पण डावी-उजवी बाजू? आमच्याकडे पत्ता वर असलेली पत्रं रोज येतात, एकही परत केलेलं आठवत नाही.

जुनी वही: मग माझंच बरोबर ना! कार्यालय स्वीकारतं, शाळा कापते.

आवक-जावक: बाजूपुरतं बरोबर. विषय आणि तारखेबाबत नाही. तारीख नसलेल्या अर्जाचं आम्ही काय करतो ते विचारू नका.

फळा-खडू: आमच्या शाळेत प्रारूपाला २, मजकुराला ३, भाषेला १ अशी वाटणी करतो. प्रत्येक शाळा तशीच करते असं नाही. नुसत्या बाजूसाठी मी अर्ध्याच्या वर कापत नाही. इथे प्रारूपाचे पूर्ण दोन आणि अर्धा मजकुराचा गेला असावा, पण समासात 'प्रारूप' एवढंच लिहून वही परत करणं मला पटत नाही. ताई, बाईंना एवढंच विचारा, मजकुराला किती दिले?

दहावीची आई: विचारते. मुलगा म्हणतो, 'सा. न. वि. वि.' त्याला मी शिकवलं. तेही चुकलं का?

जुनी वही: मुळीच नाही. शिष्टाचार आहे तो.

फळा-खडू: 'महोदय' पुरेसं आहे. पण 'सा. न. वि. वि.' साठी गुण कापावा का, यावर आमच्या शिक्षक खोलीतच दोन गट आहेत.